लोन सँक्शन लेटरचा फोटो आलाय? चार ओळी कशा वाचायच्या ते एका खऱ्या पत्रावरून

जानेवारीत माझ्या आतेभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रेडी फ्लॅट घेतोय त्याच्या होमलोनचं सँक्शन लेटर. खाली एवढंच लिहिलेलं, "ताई बघ ना जरा, आठ टक्के फिक्स्ड मिळालंय, उद्या सही करायला बोलावलंय." मी नऊ वर्षं एका बँकेच्या लोन डेस्कवर होते, असे फोटो मला आठवड्याला एकदोन तरी येतात, आणि जवळपास प्रत्येक फोटोत एकच गडबड असते की ज्या ओळीवर सगळं अवलंबून आहे तीच ओळ फ्रेमच्या बाहेर राहिलेली असते. त्याच्याही फोटोत तेच झालं होतं. म्हणून त्याचंच पत्र घेऊन सगळं क्रमाने लिहिते, बँकेचं नाव लिहीत नाही पण आकडे तेच ठेवलेत, तुमचं पत्र शेजारी घेऊन बसा म्हणजे आपापली ओळ सापडत जाईल.

आधी फोटो नीट करा

त्याचा फोटो होता पान 2 चा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "पेज 2 ऑफ 7" असं होतं, म्हणजे सहा पानं मी बघितलीच नव्हती. डावी कड कापलेली, आणि तळाची दोन बोटं जागा त्याच्या अंगठ्याखाली. व्याजदराच्या पुढे 8.00% फिक्स्ड आणि त्याच्यावर एक छोटी चांदणी. चांदणी असली की तिचा खुलासा पानाच्या तळाशी असतो, आणि तळ तर अंगठ्याखाली गेलेला.

तर पहिलं काम म्हणजे आकडे वाचायचे नाहीत, पानं मोजायची. सगळी पानं, चारही कडा दिसतील अशी, खिडकीजवळ सपाट टेबलावर ठेवून वरून फोटो काढायचा, फ्लॅश बंद, कारण चकचकीत कागदावर फ्लॅशचा पांढरा ठिपका नेमका आकड्यावर पडतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि 8 चा 6 की 3 ते कळत नाही, पॉइंट तर हमखास नाहीसा होतो. फीच्या ओळीत 0.50 टक्के आणि 5.0 टक्के यातला फरक तीस लाखांच्या कर्जावर एक लाख पस्तीस हजारांचा आहे, म्हणून पॉइंट स्पष्ट दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. खरं तर ईमेलला पीडीएफ मागितली की देतात, ती सगळ्यात चांगली. आणि फॅमिली ग्रुपवर टाकणार असाल तर ॲप्लिकेशन नंबर, पॅन, मोबाइल, पत्ता यांच्यावर आधी काळी पट्टी मारा. मला हिशोब करायला यातलं काहीच लागत नाही.

अजून एक कागद मागून घ्यायचा तो म्हणजे केएफएस, की फॅक्ट स्टेटमेंट. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर झालेल्या सगळ्या नव्या रिटेल टर्म लोनना रिझर्व्ह बँकेने तो सक्तीचा केलाय. सँक्शन लेटर प्रत्येक बँक आपल्या पद्धतीने लिहिते पण केएफएसचा नमुना ठरलेला आहे, त्यात व्याजाचा प्रकार, सगळी फी, वर्षाला पडणारा एकूण खर्च म्हणजे एपीआर, आणि हप्त्यांचा तक्ता असतो. तुम्हाला समजेल त्या भाषेत द्यायचा असा नियम आहे, म्हणजे मराठीत मागता येतो, संकोच करू नका. आणि महत्त्वाचं म्हणजे सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जात त्यातल्या अटी तुम्हाला किमान तीन कामकाजाचे दिवस खुल्या ठेवाव्या लागतात. त्यामुळे "उद्याच सही करा नाहीतर रेट जाईल" असं कुणी म्हणालं तर केएफएस हातात आल्याची तारीख सांगायची आणि शांतपणे वेळ घ्यायचा. भावाला मी आधी तेच सांगितलं, उद्याची सही पुढे ढकल.

पहिली ओळ: व्याज कुठल्या प्रकारचं

संध्याकाळी सातही पानं आली. चांदणीखाली लिहिलेलं होतं की हा दर पहिल्या डिस्बर्समेंटपासून, म्हणजे कर्जाचे पैसे पहिल्यांदा सुटल्यापासून, 24 महिने फिक्स्ड, त्यानंतर फ्लोटिंग, ईबीएलआर अधिक 0.60 टक्के. म्हणजे वीस वर्षांच्या कर्जात फिक्स्ड फक्त दोन वर्षं आणि उरलेली अठरा फ्लोटिंग. भावाला वाटत होतं वीस वर्षं आठ टक्के. त्याला कुणी खोटं सांगितलं नव्हतं, काउंटरवर "आठ टक्के फिक्स्ड" एवढंच म्हटलं गेलं आणि पुढचं कागदावर होतं.

आता ईबीएलआर म्हणजे काय ते समजून घ्या कारण पुढची अठरा वर्षं यावर जाणार आहेत. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होमलोन बाहेरच्या एखाद्या दराला बांधावं लागतं, बहुतेक बँका रेपो दर घेतात, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो. रेपोमध्ये बँक आपला एक आकडा मिळवते, तो झाला तिचा ईबीएलआर, कुठे त्याला आरएलएलआर म्हणतात. त्यावर तुमच्यासाठी अजून एक आकडा लावतात, तो स्प्रेड. भावाच्या पत्राच्या तारखेला रेपो 5.25 होता, बँकेचा ईबीएलआर 7.90 आणि त्याचा स्प्रेड 0.60. बेरीज करा, 8.50. म्हणजे रेपो जागचा हलला नाही तरीसुद्धा तिसऱ्या वर्षी त्याचा दर आपोआप अर्धा टक्का वर जाणार होता. हे कुठल्याच पानावर आकड्यात लिहिलेलं नव्हतं, आपण बेरीज केली तरच दिसतं.

म्हणून तुमच्या पत्रात आजचा दर वाचून थांबू नका, तीन आकडे वेगवेगळे शोधा: आजचा रेपो किंवा जो बेंचमार्क असेल तो, बँकेचा ईबीएलआर, आणि तुमचा स्प्रेड. रेपो आपल्या हातात नाही, तो वर जातो खाली येतो. फेब्रुवारी 2023 पासून दोन वर्षं तो 6.50 वर होता आणि 2025 च्या डिसेंबरपर्यंत उतरत 5.25 वर आला. आपल्या हातात फक्त स्प्रेड आहे, आणि तोही सहीच्या आधीच. एकदा कर्ज चालू झालं की स्प्रेडमधला तुमच्या जोखमीचा भाग बँकेने वाढवायचा तर तुमची पत मूल्यांकनात बरीच बदललेली असायला लागते, त्यामुळे आज कमी करून घेतलेला स्प्रेड पुढे पुष्कळ टिकतो. भावाचा सिबिल स्कोअर चांगला होता, आम्ही त्यावरच घासाघीस केली, ते पुढे सांगते.

हाउसिंग फायनान्स कंपनीचं पत्र असेल तर तिथे रेपोऐवजी कंपनीने स्वतः ठरवलेला मूळ दर, म्हणजे पीएलआर असतो, बँकांचा बेंचमार्कचा नियम तिला लागू नाही. मग रेपो उतरला तरी तुमचा दर कधी आणि किती उतरेल ते कंपनी ठरवते. ते वाईटच असं मी म्हणत नाही, पण दोन पत्रांची तुलना करताना एकात रेपो आणि दुसऱ्यात पीएलआर असेल तर आजचे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

आणि फ्लॅट रेट. होमलोनमध्ये तो दिसत नाही, पण दुचाकी किंवा फर्निचरच्या कर्जाच्या पत्रात दिसतो म्हणून इथेच सांगते. एक लाखाची गाडी, 9 टक्के फ्लॅट, तीन वर्षं. दर वर्षी पूर्ण एक लाखावर नऊ हजार असे 27,000 व्याज धरतात, एकूण 1,27,000 भागिले 36, हप्ता 3,528. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडताय, दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे लाख रुपये नसतातच. उरलेल्या रकमेवर, म्हणजे रिड्युसिंग पद्धतीने मोजलं तर हाच हप्ता सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यामुळे "फ्लॅट" हा शब्द दिसला की तो दर बाजूला ठेवा आणि केएफएसमधला एपीआर बघा.

दुसरी ओळ: हप्ता, तो स्वतः मोजून बघा

हे मी प्रत्येकाला करायला लावते कारण पत्रातल्या लपलेल्या गोष्टी इथे उघड्या पडतात. मोबाइलवर गुगल शीट उघडा आणि एका चौकोनात हे टाइप करा:

```
=PMT(8%/12,240,-3000000)
```

आठ टक्के भागिले बारा महिने, 240 हप्ते, तीस लाख कर्ज. उत्तर येतं 25,093. आणि भावाच्या पत्रात हप्ता होता 25,662.

569 रुपयांचा फरक. राउंडिंगमध्ये रुपया दोन रुपये इकडेतिकडे होतात, साडेपाचशे होत नाहीत. असा फरक आला की तीनपैकी एक गोष्ट वेगळी असते, दर, महिने किंवा रक्कम. दर आणि महिने पत्रात स्पष्ट होते म्हणून रक्कम शोधत गेले, आणि पान 4 वर सापडलं, एकूण मंजूर रक्कम 30,68,000. त्यातले 68,000 लोन प्रोटेक्शन विम्याचा एकरकमी प्रीमियम, जो कर्जातच मिळवला होता. फॉर्म्युल्यात 3068000 टाकलं तर बरोबर 25,662 येतं.

म्हणजे 68,000 चा विमा 569 च्या 240 हप्त्यांनी 1,36,500 च्या घरात पडणार होता. घराचं कर्ज घेताना विमा असावा हे मला मनापासून पटतं, घरातला कमावता माणूस गेला तर हप्ते कोण भरणार हा प्रश्न खराच आहे. पण बँक सांगेल त्याच कंपनीची पॉलिसी घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही, आणि प्रीमियम कर्जात घालून त्याच्यावर वीस वर्षं व्याज भरायचं काही कारण नाही. भावाची आधीच एक कोटीची टर्म पॉलिसी होती. त्याने विमा नको असं लेखी कळवलं. इथून पुढचे सगळे आकडे तीस लाखांवर, 25,093 हप्ता धरूनच देते.

आता या हप्त्याच्या पोटात काय आहे ते बघा. पहिल्या महिन्याचं व्याज म्हणजे तीस लाखाचे आठ टक्के भागिले बारा, सरळ 20,000. मुद्दलात जातात फक्त 5,093. पहिल्या वर्षभरात भाऊ 3,01,116 भरणार आणि कर्ज कमी होणार 63,407 नी. लोक वर्षाने स्टेटमेंट बघून घाबरतात की बँकेने चूक केली, चूक नसते, सुरुवातीला उरलेली रक्कम मोठी म्हणून व्याज मोठं, पुढे पुढे पारडं फिरतं. पण हे माहीत असलं की प्रीपेमेंटची ओळ एवढी जपून का वाचायची ते कळतं.

हप्त्याच्या ओळीत अजून एक वाक्य शोधा, दर बदलला तर काय बदलणार, हप्ता की मुदत. बहुतेक पत्रांत मुदत वाढेल असं असतं आणि लोकांना ते बरं वाटतं कारण खात्यातून जाणारी रक्कम तीच राहते. भावाचंच उदाहरण घ्या. दोन वर्षांनी त्याचे 28,67,922 बाकी असतील आणि 216 हप्ते. तेव्हा दर 8.50 झाला आणि हप्ता तोच ठेवला तर किती हप्ते लागतील ते असं काढायचं:

```
=NPER(8.5%/12,-25093,2867922)
```

उत्तर 235. म्हणजे 19 हप्ते जास्त, जवळपास पावणेपाच लाख रुपये. त्याऐवजी मुदत 216 च ठेवली तर हप्ता होतो 25,968, महिन्याला 875 जास्त आणि सगळे मिळून 1,89,000. तीच दरवाढ, पण दोन रस्त्यांमध्ये पावणेतीन लाखाहून जास्त अंतर. ऑगस्ट 2023 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय बँकेने ग्राहकाला द्यायचा आहे. पण एसएमएस येतो तेव्हा आपण उत्तर दिलं नाही तर बहुतेक ठिकाणी मुदतच वाढते. त्यामुळे ज्यांना महिन्याला हजार रुपये सोसतात त्यांनी हप्ता वाढवा असंच कळवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं पत्र असेल तर प्री-ईएमआय शब्द दिसेल, तो हप्ता नाही, फक्त दिलेल्या रकमेवरचं व्याज आहे, मुद्दल त्यातून एक रुपयाही कमी होत नाही. आणि कुठलंही कर्ज असो, व्याज पैसे प्रत्यक्ष सुटल्याच्या दिवसापासूनच लागायला पाहिजे, सँक्शनच्या तारखेपासून नाही.

तिसरी ओळ: प्रोसेसिंग फी

पत्रात होतं 0.50 टक्के अधिक लागू कर. तीस लाखांचे 15,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 2,700, एकूण 17,700. इथपर्यंत ठीक. पण पान 3 वर लॉगिन फी 3,540 वेगळी होती, जी भावाने अर्जासोबत आधीच भरलेली. ती 17,700 मधून वजा होणार की वेगळी, हे पत्रात लिहिलेलंच नव्हतं. हा प्रश्न सगळ्यांनी विचारा, आणि तोंडी नाही, ईमेलवर. आमच्या केसमध्ये उत्तर आलं की वजा होणार, म्हणजे अजून 14,160 द्यायचे.

फी कधी परत मिळते तेही बघा. बहुतेक पत्रांत प्रोसेसिंग फी परत मिळणार नाही असं असतं, मग तुम्ही कर्ज उचललं नाही तरी ती गेली. म्हणून फ्लॅटच्या कागदपत्रांचं काम अजून कच्चं असेल, सोसायटीची एनओसी किंवा आधीच्या मालकाचे कागद यायचे असतील, तर पूर्ण फी आधी भरू नका. आणि सँक्शन किती दिवस चालतं ती तारीख बघून ठेवा, मुदत संपली की नवा अर्ज, कधी कधी नवी फी, आणि दर तर नव्या तारखेचा.

वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, स्टॅम्प ड्युटी, नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणजे घर तारण ठेवल्याची सरकारदरबारी नोंद करायचा खर्च हे सगळं प्रोसेसिंग फीच्या बाहेर असतं. स्टॅम्प ड्युटी सरकारला जाते, त्यात घासाघीस नाही. पण "डॉक्युमेंटेशन चार्जेस", "ॲडमिन चार्जेस" अशा नावाच्या ओळी दिसल्या तर त्या केएफएसमध्ये आहेत का ते ताडून बघा. केएफएसमध्ये नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. ही एक ओळ डेस्कवर नुसती बोलून दाखवली तरी बऱ्याच वेळा चार्ज निघून जातो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय.

चौथी ओळ: मुदतीआधी पैसे भरले तर

भावाला पुढच्या वर्षी गावाकडच्या जमिनीच्या वाटणीचे पाच लाख यायचे होते आणि ते सरळ कर्जात टाकायचे हे त्याने ठरवलेलं. पत्रात ओळ होती, फिक्स्ड कालावधीत प्रीपेमेंटवर 2 टक्के अधिक कर, फ्लोटिंग कालावधीत शून्य. तो मला म्हणाला, "ताई, होमलोनला प्रीपेमेंट चार्ज नसतोच ना?" हा समज अर्धा खरा आहे आणि तो अर्धाच असल्यामुळे लोक अडकतात.

नियम असा आहे. बँकांच्या फ्लोटिंग होमलोनवर मुदतपूर्व फेडीचा चार्ज 2012 मध्येच बंद झाला. आता 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना रिझर्व्ह बँकेचे 2025 चे नवे निर्देश लागू आहेत, त्यात व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर चार्ज नाही, थोडी रक्कम भरा की पूर्ण, पैसे स्वतःचे असोत की दुसऱ्या बँकेतून कर्ज हलवून आणलेले, आणि किमान इतके महिने थांबा अशी अटही घालता येत नाही. पण फिक्स्डला ही सूट नाही. आणि आधी फिक्स्ड मग फ्लोटिंग असं कर्ज असेल तर ज्या दिवशी तुम्ही पैसे भरता त्या दिवशी ते कुठल्या दरावर चालू आहे ते बघितलं जातं. भाऊ बाराव्या महिन्यात भरणार, म्हणजे फिक्स्डमध्ये, म्हणजे चार्ज लागणार.

पाच लाखांचे 2 टक्के 10,000 आणि जीएसटी 1,800, एकूण 11,800. इथे एक गोष्ट तपासा की टक्केवारी कशावर आहे. नव्या निर्देशांप्रमाणे टर्म लोनमध्ये चार्ज लावायचाच तर तो तुम्ही भरताय त्या रकमेवर लावायचा, सगळ्या बाकी कर्जावर नाही. एखाद्या पत्रात "आउटस्टँडिंगवर 2 टक्के" असेल तर पाच लाख भरताना एकोणतीस लाखांवर चार्ज होईल, तिथे बोट ठेवून बदलून घ्या. आणि जो प्रीपेमेंट चार्ज सँक्शन लेटर, करार आणि केएफएसमध्ये आधी सांगितलेला नाही तो नंतर उगवू शकत नाही.

आता 11,800 देऊन पैसे भरायचे की फिक्स्ड संपेपर्यंत थांबायचं? पाच लाखांवर आठ टक्क्यांनी महिन्याला 3,333 व्याज जातं. म्हणजे पैसे बचत खात्यात पडून राहणार असतील तर साडेतीन चार महिन्यांतच 11,800 चं व्याज होऊन जातं. फिक्स्ड संपायला तीन महिने उरले असतील तर थांबा, वर्ष उरलं असेल तर चार्ज देऊनही भरणं परवडतं. एफडीत ठेवणार असाल तर तिचं करानंतरचं व्याज यातून वजा करून बघा, मग अंतर बरंच कमी होतं आणि थांबणंही चुकीचं ठरत नाही.

आणि भरल्यावर मुदत कमी करा असं लेखी सांगा. बाराव्या हप्त्यानंतर बाकी 29,36,593, त्यातून पाच लाख गेले की 24,36,593. दर आठच राहिला आणि हप्ता 25,093 च ठेवला तर 228 ऐवजी 157 हप्ते उरतात. एकाहत्तर हप्ते गेले, जवळपास सहा वर्षं. काही बँकांत अर्ज न देता पैसे भरले तर ते पुढच्या हप्त्यांचे ॲडव्हान्स म्हणून पडून राहतात किंवा हप्ता कमी होऊन मुदत तीच राहते, म्हणून भरल्यानंतर आठवड्याभरात नवा तक्ता मागवा आणि त्यात शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलीय का ते बघा.

एक सांगायचं राहिलं, पतसंस्थेचं कर्ज असेल तर पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली नाहीत, सहकार खात्याखाली येतात, त्यामुळे वरचे केएफएसचे आणि प्रीपेमेंटचे नियम तिथे दाखवून उपयोग नाही. तिथे पत्रात आणि करारात जे लिहिलंय तेच, म्हणून सहीच्या आधीच सगळं विचारा. सहकारी बँक मात्र वेगळी, तिला रिझर्व्ह बँकेचे निर्देश लागू आहेत.

मग आम्ही काय केलं

भावाने ब्रँचला ईमेल लिहिला, अगदी साधा, पाच प्रश्नांचा: विमा काढून तीस लाखांचं सुधारित पत्र द्या, लॉगिन फी वजा होणार का, 24 महिन्यांनंतरचा स्प्रेड 0.60 ऐवजी कमी करता येईल का, पहिल्यापासून फ्लोटिंग घेतलं तर आज दर काय, आणि केएफएस मराठीत द्या. फोनवर आधी "सिस्टीममध्ये बदल होत नाही" असं उत्तर मिळालं, पण लेखी विचारलं होतं त्यामुळे चौथ्या दिवशी लेखीच उत्तर आलं. तुमच्याकडे असं उत्तर आलंच नाही तर आधी बँकेकडे रीतसर तक्रार नोंदवा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फी लागत नाही.

उत्तर असं होतं की पहिल्या दिवसापासून फ्लोटिंग घेतलं तर ईबीएलआर अधिक 0.20, म्हणजे 8.10. दोन वर्षं फिक्स्डपेक्षा 0.10 ने महाग, महिन्याला दीडदोनशे रुपयांचा फरक. पण तिसऱ्या वर्षी 8.50 वर उडी नाही, रेपो उतरला तर तीन महिन्यांच्या आत फायदा, आणि पुढच्या वर्षीच्या पाच लाखांवर 11,800 नाहीत. रेपो वाढला तर मात्र हप्ता पहिल्या वर्षापासूनच वाढू शकतो, ते मी त्याला दोनदा सांगितलं आणि वहिनीलाही समोर बसवून सांगितलं, कारण हप्ता दोघांच्या पगारातून जाणार. दोघांनी रात्रभर विचार करून फ्लोटिंग घेतलं.

नवीन पत्र आलं तेव्हा त्याने या वेळी सातही पानं टेबलावर ओळीने मांडून फोटो काढले, तळाच्या कडा दिसतील असे, आणि माझ्या आधी स्वतःच शीटमध्ये 8.10 टाकून हप्ता काढला, 25,280. पत्रातही तोच आकडा होता.